विमान त्यांनी रद्द केलं, मग पैसे आपले का कापायचे?

उजळाईवाडीहून सुटणारी विमानं मोजकीच. पुण्या-मुंबईसारखं एक गेलं तर दोन तासांनी दुसरं, असं इथं नाही. त्यामुळे कंपनीनं उड्डाण रद्द केलं की कोल्हापूरचा माणूस बहुतेक वेळा परतावा मागतो आणि रात्रीची महालक्ष्मी नाहीतर स्लीपर बस पकडतो. परतावा येतोही, पण कमी येतो. दोन-तीन हजार कुठं गेले हे विचारायला गेलं तर जिथून ऑनलाइन तिकीट काढलं ते पोर्टल म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पोर्टलला विचारा.

हा लेख त्या दोन-तीन हजारांबद्दल आहे. प्रवास तुम्ही रद्द केलात तर काय कापतात, हा वेगळा विषय. तो इथं घेतलेला नाही. इथं गृहीत धरलंय की तुम्ही जायला तयार होता आणि विमान किंवा गाडी समोरून रद्द झाली. शेवटी रेल्वेचंही सांगतो, कारण पावसाळ्यात आपल्याकडे तो प्रश्न दर दोन-चार वर्षांनी उभा राहतो.

आधी बटण दाबू नका

उड्डाण रद्द झाल्याचा संदेश मोबाइलवर आला की माणूस घाईनं ॲप उघडतो, बुकिंग शोधतो आणि तिथलं नेहमीचं `Cancel` बटण दाबतो. बरेचसे पैसे तिथंच अडकतात. ते बटण प्रवाशानं स्वतःहून तिकीट रद्द करण्यासाठी असतं. ते दाबलं की यंत्रणेच्या लेखी प्रवास तुम्ही रद्द केलात, आणि माणशी ठरलेलं रद्द शुल्क आपोआप कापलं जातं. विमान उडणारच नव्हतं हे त्या बटणाला माहीत नसतं.

त्याऐवजी कंपनीच्या संदेशात दिलेल्या लिंकवरून जा. तिथं साधारणपणे दोन पर्याय असतात: दुसरं उड्डाण घ्या किंवा पूर्ण परतावा घ्या. कधी तिसरा पर्यायही ठळक अक्षरांत ठेवलेला असतो, पुढच्या प्रवासासाठी ‘क्रेडिट’ म्हणून रक्कम कंपनीकडेच ठेवण्याचा. तो घ्यायचा की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं परस्पर नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांत हे स्पष्ट आहे. कोल्हापूरहून वर्षात एकदा उडणाऱ्या माणसानं क्रेडिट घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मुदत संपते आणि रक्कम बुडते.

पोर्टलवरून बुकिंग केलं असेल तर कंपनीच्या लिंकवर अनेकदा ‘तुमच्या एजंटाशी संपर्क साधा’ असं उत्तर मिळतं. मग पोर्टलमध्ये जायचं, पण तिथंही ‘कंपनीनं उड्डाण रद्द केलं’ असा पर्याय निवडायचा. तो दिसत नसेल तर बटणाला हात न लावता ग्राहक सेवेला लेखी कळवायचं.

लेखी कळवण्याआधी तीन गोष्टी जपून ठेवा. रद्द झाल्याचा मूळ संदेश, तो आल्याची तारीख आणि वेळ दिसेल अशा स्क्रीनशॉटसह. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या उड्डाणापुढे ‘रद्द’ असं दिसतंय तोवर त्याचाही स्क्रीनशॉट. दुसऱ्या दिवशी तो तिथं असेलच असं नाही. आणि विमानतळावर पोचल्यावर कळलं असेल तर काउंटरवरून उड्डाण रद्द झाल्याचं लेखी पत्र, ज्यात कारण लिहिलेलं असेल. काउंटरवरचा माणूस म्हणेल, “साहेब, मेल येईल की तुम्हाला.” येईल, पण त्यात कारण नसेल. कारण पुढे उपयोगी पडतं, म्हणून तिथंच मागा.

कोणता नंबर कोणाचा

एका तिकिटावर तीन-चार नंबर असतात, आणि चुकीचा नंबर दिला की तक्रार तिथंच थांबते. पोर्टलचा बुकिंग आयडी लांबलचक असतो आणि तो फक्त पोर्टलला कळतो. कंपनीचा पीएनआर सहा अक्षरांचा असतो, अक्षरं आणि आकडे मिसळून. बहुतेक कंपन्यांच्या ई-तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचा वेगळा 13 अंकी तिकीट क्रमांकही असतो. चौथा नंबर बँकेचा: कार्डाच्या किंवा यूपीआयच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जो तुमच्या पासबुकात किंवा ॲपमध्ये सापडतो.

कंपनीला लिहिताना पीएनआर आणि तिकीट क्रमांक पुढे ठेवा, पोर्टलला लिहिताना बुकिंग आयडी. दोघांना एकच मेल पाठवणार असाल तर सगळे द्या, पण कोणता कशाचा हे नाव लिहून.

इथं एक गोष्ट तपासाच. शाहूपुरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर बुकिंगमध्ये मोबाइल नंबर कोणाचा घातलाय? बरेच एजंट सवयीनं स्वतःचा नंबर आणि स्वतःचा मेल घालतात. मग रद्द झाल्याचा संदेश एजंटाला जातो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो, आणि तुम्ही पहाटे सामान घेऊन उजळाईवाडीला उभे. त्याहून वाईट म्हणजे प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर नियमानुसार कंपनी भरपाई द्यायला बांधील राहत नाही. तिकीट काढतानाच एजंटाला सांगा, “भाऊ, नंबर माझाच घाला.”

रक्कम कशी काढायची

‘पूर्ण परतावा द्यावा’ एवढंच लिहिलं की पूर्ण म्हणजे किती हे समोरचा ठरवतो. म्हणून आकडा तुम्ही लिहायचा आणि तो कसा आला हेही दाखवायचं. त्यासाठी तिकिटाची किंमत नव्हे, कर बीजक लागतं, म्हणजे ज्यात भाड्याची फोड दिलेली असते ते. पोर्टलच्या ॲपमध्ये ते ‘इन्व्हॉइस’ नावानं उतरवता येतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे धरलेत, पण रचना खऱ्या बीजकासारखीच आहे. राजारामपुरीतल्या एका जोडप्यानं 18 जुलैचं कोल्हापूर ते मुंबई तिकीट एका पोर्टलवरून काढलं. माणशी मूळ भाडं 3,200 रुपये, इंधन शुल्क 400, या दोन्हींवर 5 टक्के जीएसटी 180, विमान सुरक्षा शुल्क 236 आणि विमानतळ वापर शुल्क 350. बेरीज 4,366. दोघांचे 8,732. शेजारी शेजारी बसायचं म्हणून आसन निवडीचे माणशी 250, म्हणजे 500. इथपर्यंत 9,232 रुपये विमान कंपनीच्या खात्यातले.

त्यापुढे पोर्टलनं स्वतःचं सुविधा शुल्क 700 लावलं आणि दोघांच्या प्रवास विम्याचे 398 घेतले. कार्डातून एकूण 10,330 गेले.

आता मागायचे किती? कंपनीकडे 9,232, एक पैसाही कमी नाही. आसन निवडीचे पैसे यात येतात, कारण ते आसन असलेलं विमानच गेलं नाही. सुरक्षा शुल्क आणि वापर शुल्कही येतात. ती प्रवास न झाल्यास ठेवून घेता येत नाहीत, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरसुद्धा. आणि परताव्याची प्रक्रिया करण्यासाठी कंपनीनं वेगळं शुल्क लावायचं नाही, असंही नियम सांगतो.

पोर्टलचे 700 मात्र कंपनीकडे मागू नका. ते तिच्याकडे गेलेच नाहीत, आणि ते मिसळले की कंपनी तुमचा सगळा आकडा चुकीचा ठरवते. पोर्टलच्या अटींत हे शुल्क परत न करण्याची तरतूद बहुतेक वेळा असते. मागून बघायला हरकत नाही, पण वेगळ्या मेलनं. विम्याचंही तसंच: त्या पॉलिसीत उड्डाण रद्द झाल्यास काही मिळतं का ते आधी वाचा. कित्येकदा हप्ता परत मागण्यापेक्षा दावा करण्यात जास्त पैसे असतात, आणि लोकांना आपण विमा काढलाय हेच आठवत नाही, कारण बुकिंग करताना विम्यापुढची खूण आधीच केलेली होती.

कूपन वापरलं असेल तर? मागणी तुमच्या खात्यातून गेलेल्या रकमेपुरतीच राहते. पाचशेची सूट पोर्टलनं दिली असेल तर ते पाचशे तुमच्या खिशातून गेलेले नाहीत. परतावा त्यानं कमी आला तर ती कपात रास्त आहे.

मेल कसा असावा

छोटा. कहाणी नको. लग्नाला जायचं होतं, आई आजारी होती, हे सगळं खरं असेल, पण परतावा देणाऱ्या टेबलावर त्याचा उपयोग नसतो. इंग्रजीत पाठवलात तर काम लवकर सरकतं. मजकूर असाच ठेवायचा.

> विषय: कंपनीनं रद्द केलेल्या उड्डाणाचा परतावा, पीएनआर Q7M2KX, मागणी 9,232 रुपये
>
> माझं कोल्हापूर ते मुंबई उड्डाण (क्रमांक तिकिटाप्रमाणे), दि. 18 जुलै, सकाळी 10:40, आपल्या कंपनीनं रद्द केलं. तसा संदेश मला 17 जुलै रोजी रात्री 8:15 ला मिळाला. मी तिकीट स्वतः रद्द केलेलं नाही. पर्यायी उड्डाण मला नको आहे, क्रेडिटही नको.
>
> प्रवासी दोन. तिकीट क्रमांक: (दोन्ही). पोर्टलचा बुकिंग आयडी: (…).
>
> मागणी: भाडं, इंधन शुल्क, कर व शुल्कं 4,366 × 2 = 8,732 रुपये; आसन निवड 250 × 2 = 500 रुपये; एकूण 9,232 रुपये.
>
> ही रक्कम ज्या कार्डातून भरली त्याच कार्डावर, कोणतीही कपात न करता जमा करावी. जमा केल्यावर बँकेचा संदर्भ क्रमांक कळवावा.
>
> सोबत: रद्द झाल्याचा संदेश, ई-तिकीट, कर बीजक.

यातलं ‘मी तिकीट स्वतः रद्द केलेलं नाही’ हे वाक्य गाळू नका. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. कार्डाचा पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कुठेही लिहू नका. शेवटचे चार अंक पुरतात. परताव्यासाठी कुणी फोन करून क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि कंपनीचा ग्राहक सेवा नंबर गूगलवर शोधू नका, तिकिटावर छापलेला वापरा. शोधात वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात.

थेट कंपनीकडून कार्डानं घेतलेल्या तिकिटाचा परतावा 7 दिवसांत करावा असा डीजीसीएचा नियम आहे. एजंट किंवा पोर्टलमार्फत घेतलेल्याला जास्त दिवस लागतात, पण जबाबदारी तरीही कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. ‘पोर्टलला विचारा’ या उत्तराला हेच वाक्य परत लिहून पाठवायचं.

कमी पैसे आले तर

आपल्या जोडप्याला 26 जुलैला खात्यात 6,132 रुपये दिसले. इथं बरेच जण ‘चला, आले तेवढे’ म्हणून सोडून देतात. सोडू नका, पण रागावून फोनही करू नका. आधी फोड मागवा. पोर्टलच्या ॲपमध्ये परताव्याच्या तपशिलात ती मिळते. त्यांच्या तपशिलात दिसलं: रद्द शुल्क माणशी 1,300, म्हणजे 2,600, आणि ‘अतिरिक्त सेवा परत होत नाहीत’ म्हणून आसनांचे 500. दोन्ही मिळून 3,100. 9,232 मधून 3,100 गेले की बरोबर 6,132.

‘रद्द शुल्क’ हे दोन शब्द दिसले की समजा, यंत्रणेनं हे रद्द करणं तुमच्या माथी मारलंय. अनेकदा पोर्टलच्या कर्मचाऱ्यानं नेहमीच्या पद्धतीनं नोंद केलेली असते, त्यात डाव असतोच असं नाही. म्हणून दुसरा मेल त्याच साखळीत, आणि आता मागणी 9,232 ची नाही, 3,100 ची. ‘6,132 रुपये मिळाले. 2,600 रुपये प्रवाशानं रद्द केल्याचं शुल्क म्हणून कापले आहेत, पण उड्डाण कंपनीनं 17 जुलैला रद्द केलं होतं, संदेश जोडला आहे. 500 रुपये न दिलेल्या आसन सेवेचे आहेत. उरलेले 3,100 रुपये जमा करावेत.’ पुन्हा 9,232 मागितले की समोरचा ‘परतावा झालेला आहे’ म्हणून तक्रार बंद करतो.

कधी उलटं होतं: कंपनी म्हणते पैसे पाठवले, आणि खात्यात काहीच नाही. तेव्हा तारीख विचारू नका, संदर्भ क्रमांक विचारा. कार्डाच्या परताव्याला एआरएन नावाचा 23 अंकी क्रमांक असतो, यूपीआयला 12 अंकी. तो घेऊन बँकेच्या शाखेत गेलात तर पैसे कुठं आहेत ते बँक शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं धरा. एकदा पोर्टलच्या वॉलेटमध्येही बघून घ्या. तिथं टाकून ‘परतावा पूर्ण’ दाखवण्याची पद्धत आहे. वॉलेट नको, मूळ कार्डावरच हवं, असं लिहून कळवायचं.

भरपाई ही वेगळी मागणी

परतावा म्हणजे तुमचेच पैसे परत. भरपाई त्यावर. रद्द झाल्याचं उड्डाणाच्या किमान 24 तास आधी कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर परताव्यासोबत भरपाईही मागता येते. उड्डाणाची ठरलेली वेळ 1 तासापर्यंत असेल तर 5,000 रुपये, 1 ते 2 तास असेल तर 7,500, त्याहून जास्त असेल तर 10,000. मात्र हे आकडे, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. कंपनीनं दिलेलं पर्यायी विमान तुम्ही घेतलंत तर ही भरपाई नाही.

आपल्या उदाहरणात संदेश 17 ला रात्री आला, विमान 18 ला सकाळी. म्हणजे 14 तासांवर थोडा वेळ. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून 3,600, जे 5,000 पेक्षाही कमी आणि 7,500 पेक्षाही. म्हणून उड्डाण पाऊण तासाचं की सव्वा तासाचं हा वाद घालायची गरजच नाही; माणशी 3,600, दोघांचे 7,200. पाच हजार लिहिलेत तर मागणी चुकीची ठरते.

आता कारण. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश, सुरक्षेचा धोका, संप, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. परतावा मात्र तरीही पूर्ण. ‘पावसामुळे रद्द झालं, म्हणून शुल्क कापलं’ हे चालत नाही. जुलैमध्ये कोल्हापुरात ढग खाली उतरतात, दिसत नाही, विमान उतरू शकत नाही, हे खरंच घडतं. तेव्हा भरपाईच्या मागे लागू नका. पण संदेशात ‘ऑपरेशनल कारणामुळे’ एवढंच असेल, किंवा त्याच सकाळी दुसऱ्या कंपन्यांची विमानं नेहमीप्रमाणे आली-गेली असतील, तर नेमकं कारण लेखी मागा. वैमानिक नव्हता किंवा विमानच दुसऱ्या मार्गावर वळवलं, तर त्याला हवामान म्हणता येणार नाही.

भरपाईचा मेल परताव्याच्या मेलमध्ये घुसडू नका. परतावा निर्विवाद असतो, भरपाईवर वाद होतो. एकत्र केलं की निर्विवाद रक्कमही वादासोबत अडकून पडते. टॅक्सीनं मुंबईला जायला लागलेले पैसे, बुडालेलं हॉटेल, मनस्ताप, हे या दोन्हींत येत नाही. त्याच्या पावत्या ठेवा. ते लागले तर ग्राहक आयोगात.

वरच्या पायऱ्या

कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकारी आणि त्यांच्या वरच्या अपील अधिकाऱ्याचा मेल दिलेला असतो, बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी. ग्राहक सेवेकडून साचेबंद उत्तर दोनदा आलं की तीच मेल साखळी तिकडे पाठवा. तिथंही हललं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या `airsewa.gov.in` वर तक्रार करा. तिथं पीएनआर, उड्डाण क्रमांक आणि तारीख भरून कागद जोडता येतात, आणि तक्रार थेट कंपनीच्या त्या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे जाते. माझं मत विचाराल तर तीन-चार हजारांच्या प्रकरणात ही सर्वात उपयोगी पायरी आहे. तक्रार पोर्टलविरुद्ध असेल, म्हणजे कंपनीनं पैसे दिले आणि पोर्टलनं अडवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून व्यवहाराला हरकत घेता येते. त्याला मुदत असते, साधारण चार महिने धरा, म्हणून कंपनीच्या ‘लवकरच’वर फार दिवस बसू नका.

शेवटी कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तिकिटाच्या अटींत ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथं तक्रार दाखल करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं, आणि ऑनलाइन दाखल करायचं असेल तर `e-jagriti.gov.in`. वकील सक्तीचा नाही. 3,100 साठी तिथं जायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण तिथं जाईन असं लिहिण्याआधी जायची तयारी ठेवा.

रेल्वेचं वेगळं गणित

गाडी पूर्ण रद्द झाली आणि तिकीट ऑनलाइन काढलेलं असेल तर काहीच करायचं नाही. पूर्ण भाडं आपोआप परत येतं; फक्त आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क आणि विम्याचे पैसे येत नाहीत. इथंही घाईनं स्वतः तिकीट रद्द करण्यात नुकसानच, कारण तेव्हा नेहमीची कपात लागू शकते.

खरा घोटाळा होतो तो गाडी अर्धवट रद्द झाल्यावर. पंचगंगेला मोठा पूर आला की रुकडीच्या पुलापाशी रेल्वे थांबते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर ते मिरज मार्ग बंदच झाला होता. अशा वेळी रेल्वे अनेकदा गाडी पूर्ण रद्द करत नाही. ती कोल्हापूरऐवजी मिरजेहून सोडते. यंत्रणेच्या दृष्टीनं गाडी धावली. म्हणून कोल्हापूरहून चढणाऱ्याला आपोआप परतावा येत नाही, आणि तो वाट बघत बसतो.

इथं टीडीआर, म्हणजे रेल्वेकडे परतावा मागणारा अर्ज, भरावा लागतो. आयआरसीटीसीच्या खात्यात ते तिकीट उघडून `File TDR` निवडायचं, आणि तुमच्या स्थानकाहून गाडी गेलीच नाही असं सांगणारं कारण निवडायचं. मुदत तुमच्या स्थानकाच्या ठरलेल्या वेळेपासून 72 तास. कारण निवडताना सावध: ‘प्रवास केला नाही’ हे सर्वसाधारण कारण निवडलं की तुम्हीच गेला नाहीत असा अर्थ होतो. टीडीआरमध्ये रक्कम लिहायला जागा नसते. गाडी कुठून कुठं धावली ते रेल्वे स्वतःच्या नोंदीतून पडताळते आणि मग पैसे देते, त्याला महिना-दोन महिने लागू शकतात. तोवर गाडी मिरजेहून सुटल्याच्या रेल्वेच्या घोषणेचा स्क्रीनशॉट जपा. उत्तर नाकारणारं आलं किंवा रक्कम कमी आली, तर `care@irctc.co.in` वर दहा अंकी पीएनआर, टीडीआरचा दिनांक, भरलेलं भाडं, मिळालेली रक्कम आणि फरक, एवढं लिहून तो स्क्रीनशॉट जोडायचा.

गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर पूर्ण परतावा मिळतो, पण टीडीआर गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्याआधी भरलेला हवा. मिरजेला फलाटावर बसून ‘बघू, घरी गेल्यावर भरू’ म्हणालात की हक्क गेला.

आणि खिडकीवरून काढलेलं तिकीट असेल तर त्यातलं काहीच आपोआप होत नाही. गाडी रद्द झाल्यावर ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत ते मूळ तिकीट घेऊन आरक्षण खिडकीवर जायचं. कोल्हापूरचीच खिडकी हवी असं नाही, रस्ते पाण्याखाली असतील तर जिथं अडकलात तिथल्या स्थानकावरची आरक्षण खिडकीही चालते. तिकीट परत देण्याआधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण एकदा ते खिडकीआड गेलं की पीएनआर, भाडं आणि प्रवाशांची नावं दाखवणारा कागद तुमच्याकडे उरत नाही.